डेटिंग ॲपमध्ये जुळणीचे गुण कसे काढावेत?

प्रश्न: ट्रेकिंगवाल्यांसाठी डेटिंग ॲप काढतोय. दोघांच्या उत्तरांवरून जुळणीची टक्केवारी कशी काढू?

दोघांची टक्केवारी वेगवेगळी काढा आणि सरासरीऐवजी त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या; ओकेक्युपिड या डेटिंग ॲपने आपलं म्हणून सांगितलेलं गणित हेच आहे. तिच्या अपेक्षांत तो ९० टक्के बसतो, त्याच्या अपेक्षांत ती १०, तर सरासरी ५० येते आणि वर्गमूळ ३०. एकतर्फी जोडीला ३०च मिळायला हवेत. नव्या ॲपवर खरा घोळ वेगळाच होतो: दोघांनी मिळून २च सामायिक प्रश्न सोडवलेले असतात आणि जुळणी थेट १०० टक्के दिसते. म्हणून १०० भागिले सामायिक प्रश्न एवढे टक्के वजा करा, म्हणजे २ प्रश्नांवर ५०च्या वर कुणी जाणार नाही. मात्र ‘मूल हवं का?’ हा प्रश्न गुणांत मिसळू नका; तिथे सरळ फिल्टरच लावा.