वैलावरचा पाया

वहिनी, पायाच्या रश्श्याचं पातेलं रात्रभर निवत्या चुलीच्या वैलावर ठेवून सकाळी उकळी काढली की झालं, असं आपल्या खानापूरकडं बरेच जण सांगतील. ऐकू नका. उकळल्यावर जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू टिकतात. रस्सा ६० अंशांखाली उतरला की ते रुजून भराभर वाढतात, आणि मोठं झाकलेलं पातेलं तर पहाटेपर्यंत कोमटच राहतं. त्यातल्या काही जंतूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. वासावरून कळेलच असं नाही.

रात्रीच हाडं वेगळी काढा, रस्सा पसरट भांड्यांत वाटून गार पाण्याच्या परातीत ढवळत निववा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी लागेल तेवढाच खळखळून उकळा. वैलावर राहिलेला मात्र ओतून द्या, मटण कितीही महाग असो.