टेनिस एल्बो झाल्यावर जड पिशवी कशी धरावी, आणि व्यायाम करावा की आराम?

"रोज आठ-नऊ तास टायपिंग करते. जाताना लॅपटॉप आणि डबा, येताना भाजी असं ओझं असतंच. तीन महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय, टेनिस एल्बो आहे म्हणाले. गोळ्या झाल्या, पट्टा लावला. दोन आठवडे आराम केला की बरं वाटतं आणि पहिली पिशवी उचलली की परत सुरू. पिशवी धरायची कशी? आणि व्यायाम करू की हाताला आरामच देऊ?"

व्यायाम करा, पण वजन मोजून. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि टायपिंग करणाऱ्यांचे असे हात माझ्याकडे नेहमी येतात. आरामानं दुखणं शांत होतं, पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनची ताकद वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. म्हणून पहिल्या पिशवीला ते परत येतं.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचं जे टोक हाताला लागतं, तिथून हाताचा पंजा मागे उचलणारे स्नायू सुरू होतात. दुखावलेला असतो तो बहुधा त्यांच्यातल्याच एकाचा टेंडन. आता मूठ आवळणारे स्नायू तर हाताच्या दुसऱ्या बाजूला आहेत, मग पिशवी धरली की इथे का दुखावं? कारण मूठ आवळणारे स्नायू मनगटालाही तळव्याच्या दिशेनं ओढत असतात. मनगट दुमडू नये म्हणून मागचे स्नायू तेवढ्याच जोरानं उलट ओढतात. मूठ जितकी घट्ट, तितका त्या टेंडनवर ताण. तळवा जमिनीकडे आणि कोपर सरळ असेल, तर हा ताण सगळ्यात जास्त असतो. खात्री करायची तर एक हलकी खुर्ची पाठीकडून, हात सरळ ठेवून आणि तळवा खाली करून जरा उचलून बघा, मग कोपर अंगाजवळ वाकवून तळवा वर करून उचला. पहिल्या वेळी कळ येते आणि दुसऱ्या वेळी जवळपास येत नाही, असंच टेनिस एल्बोत सहसा होतं.

पिशवी धरण्याचं सगळं गणित यात आहे. कोपर थोडं वाकलेलं आणि अंगाला लागून, तळवा आत किंवा वरच्या बाजूला, मनगट सरळ. प्लॅस्टिकच्या पिशवीचे बारीक बंद बोटांत रुततात आणि नकळत मूठ जास्त आवळली जाते. त्यांच्याभोवती जाड रुमाल गुंडाळला तरी फरक पडतो. लॅपटॉप आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन्ही खांद्यांवर. लोकलमध्ये ती रॅकवर टाकताना एका हातानं वरून पकडून फेकू नका, दोन्ही तळवे खालून लावून चढवा. लॅपटॉपसुद्धा कडेला चिमटीत धरून उचलायचा नाही.

माझ्याकडे कल्याणहून ठाण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या एक बाई यायच्या, हिशेबाचं काम, दिवसभर कीबोर्ड. सोमवारी सकाळी हात सगळ्यात जास्त दुखायचा, म्हणून त्यांचा सगळा राग कीबोर्डवर होता. त्यांना आठवडाभर रोज दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या: काय उचललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं दहापैकी किती. त्यातून दिसलं की रविवारी बाजारातून साधारण सहा किलोची एकच पिशवी उजव्या हातात लटकवून त्या घरापर्यंत चालत येत होत्या. ऑफिसच्या कामानं दुखणं धुमसत राहत होतं, भडका मात्र पिशवीनं उडत होता. भाजी दोन पिशव्यांत, दोन्ही हातांत विभागली आणि अर्धी बुधवारी आणायला सुरुवात केली, तेव्हा सोमवारचं दुखणं सहावरून तीनवर आलं. व्यायाम त्यानंतर सुरू केला. तुम्हीही आधी अशी नोंद ठेवाच. कुठला ताण कमी करायचा हे त्याशिवाय कळत नाही.

टायपिंगचं थोडक्यात सांगते. कीबोर्डचे मागचे पाय दुमडून टाका. ते उघडे असले की मनगट मागे वाकतं. कोपरापासून पुढचा हात टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकू द्या. माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. वाचताना बोट क्लिकच्या बटणावर अधांतरी धरून ठेवायची सवय अनेकांना असते आणि त्यात हेच स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात. वाचताना हात माऊसवरून काढूनच ठेवा.

आता व्यायाम. एक कापडी पिशवी आणि पाण्याची बाटली पुरे, कारण अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो. कोपर वाकवून पुढचा हात टेबलावर ठेवा, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. बाटली ठेवलेली पिशवी मुठीत धरा आणि मनगट सरळ ठेवून नुसती तोलून धरा, तीस ते पंचेचाळीस सेकंद. मिनिटभर थांबून परत, असं चार-पाच वेळा, रोज एकदा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. त्याहून जास्त असेल तर पाणी कमी करा.

दोन-एक आठवड्यांत हे सोपं वाटू लागलं की हालचाल सुरू करा. मनगट वर न्यायला दुसऱ्या हाताची मदत घ्या आणि खाली मात्र एकट्या दुखऱ्या हातानं, मनात चार मोजत सावकाश सोडा. दहा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. पुढे वर नेतानाची मदतही बंद करा. तिन्ही फेऱ्यांत पंधरा-पंधरा वेळा जमलं आणि दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं नसलं, तरच पाव लिटर पाणी वाढवा. सकाळी वाढलेलं असेल, तर एक पायरी मागे या. व्यायाम बंद करू नका. त्या बाईंना अर्ध्या किलोपासून दीड किलोपर्यंत यायला अडीच महिने लागले. त्यानंतर तेच कोपर सरळ ठेवून, पुन्हा कमी वजनानं. ही पायरी गाळू नका, कारण पिशवी घेऊन चालताना हात बहुतेक सरळच असतो. शेवटी खरी पिशवी, दोन किलोपासून, घरातल्या घरात चालत.

यात लोक हमखास चुकतात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. दुखणं कमी होतं आणि व्यायाम सुटतो. दुखणं लवकर उतरतं, ताकद सावकाश येते, त्यामुळे किमान तीन महिने चालू ठेवा. ज्या दिवशी बाजार केला, त्या दिवशी वजन वाढवू नका.

पट्टा हाडाच्या टोकावर नको. तिथून दोन-तीन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर, आणि फक्त कामाच्या वेळी. स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर हे माहीत असू द्या: ऑस्ट्रेलियातला २००६ सालचा एक चांगला अभ्यास आहे, त्यात सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यात बरे होते, पण पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं उलटलं आणि वर्षाअखेर ते फिजिओथेरपी घेतलेल्यांच्या मागे होते. तीन महिन्यांच्या दुखण्याला मी तरी ते घ्यायला सांगणार नाही.

बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा, मान वळवली की हातात कळ, कोपर अडकणं, सूज, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काही असेल तर वरचं काहीही सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना हात आणि मान दोन्ही दाखवा. तेव्हा मूळ कोपरात नसून मानेत किंवा सांध्यातही असू शकतं.