दुकानाचं व्हॉट्सॲप बंद पडलं, आता विनंती कशी लिहायची?

प्रश्न: माझं साताऱ्यात किराणा दुकान आहे. सकाळी बघतो तर बिझनेस खातं बंद! नेमकं काय लिहून पाठवू?

आधी ॲप फोनवरून काढू नका. स्क्रीनवर उलटी वेळ मोजली जात असेल, तर बंदी तात्पुरती आहे. तसं नसेल तर `Request a review` दाबा. एसएमएसने सहा अंकी कोड येईल, म्हणून ते सिम चालू हवं. कोड टाकल्यावर मजकुरासाठी जागा मिळते. बरेच दुकानदार तिथे कर्ज, मुलांच्या फिया सगळं लिहितात. त्यांची तळमळ खरी असते, पण तपासणाऱ्याला फक्त नियम मोडला का, एवढंच ठरवायचं असतं. असं लिहा:

«नमस्कार. माझं साताऱ्यात किराणा दुकान आहे. या नंबरवर मी ग्राहकांच्या ऑर्डरी घेतो. काल खातं बंद झालं. त्याच्या आदल्या दिवशी मी दिवाळीच्या सामानाची यादी बऱ्याच ग्राहकांना एकदम पाठवली होती. काहींनी माझा नंबर सेव्ह केलेला नव्हता. यापुढे ज्यांनी स्वतःहून होकार दिला आहे, त्यांनाच यादी पाठवीन. कृपया खात्याची पुन्हा तपासणी करावी.»

इंग्रजीत लिहायचं असेल तरी वाक्यं एवढीच साधी ठेवा. एकदा पाठवल्यावर उत्तराची वाट पाहा.

प्रश्न: यादी बिलबुकातल्या सगळ्या नंबरांवर पाठवली, हे कबूल केलं तर उलट अडकणार नाही का?

लपवून काही साधत नाही. चॅट एन्क्रिप्टेड असलं, तरी एका नंबरवरून किती झपाट्याने मेसेज गेले आणि किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं, हे कंपनीला कळतं. रिपोर्ट झाला की तुमचे शेवटचे पाचपर्यंत मेसेजही तिच्याकडे जातात. ग्राहकाने बिलासाठी नंबर दिला, जाहिरातीसाठी नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोहोचतो, तो त्याचसाठी. एकेकाला फॉरवर्ड करून ही अट चुकवली, की अनोळखी नंबर समजून लोक रिपोर्ट करतात. जीबी व्हॉट्सॲपसारखं नकली ॲप वापरत असाल, तर तेही लिहा आणि अधिकृत ॲप टाका.

प्रश्न: रिव्ह्यू नामंजूर झाला. एक जण पैसे घेऊन खातं उघडून देतो म्हणतो. देऊ का?

मुळीच नको, आणि तो सहा अंकी कोड त्याला सांगूही नका. २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. त्याने २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळेल. हीच विनंती +91 सह नंबर आणि नामंजुरीचा स्क्रीनशॉट जोडून पाठवा. त्याचं उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत `gac.gov.in` वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं.

तोवर दुसरं सिम घेतलंत, तर नवा नंबर दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर छापा. जुनी यादी त्यावरून पाठवलीत, तर तेही खातं जाईल.