जाहिरात वाढवावी की बॅचच बदलावी?

प्रश्न: नागपूरच्या मानेवाडा भागात अकरावी-बारावी सायन्सचा क्लास आहे. यंदा दोन वर्षांची जेईई बॅच काढली, फी ९० हजार. फेसबुक, पॅम्फ्लेट, होर्डिंग मिळून ७० हजार गेले. चौकश्या १६०, डेमोला ४८, प्रवेश ६. मागच्या वर्षी याच तारखेपर्यंत १५ झाले होते. आणखी ५० हजार टाकू, की बॅच बदलू?

उत्तर: ५० हजार आत्ता टाकू नका. बॅचही आजच बदलू नका.

आधी ती तारखेची तुलना सोडा. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये २७ मे रोजी लागला, २०२५ मध्ये १३ मे रोजी. निकाल हातात येईपर्यंत बरेच पालक फी भरत नाहीत, म्हणून प्रवेश निकालानंतरच्या दिवसांप्रमाणे मोजा. निकालानंतर तीन आठवड्यांत मागच्या वर्षी किती होते, यंदा किती? तशा हिशेबानेही मोठा फरक उरला, तरच पुढचं वाचा.

तुमच्या आकड्यांत मला खटकतं ते ४८ मधून ६. पालक तुमच्या दारापर्यंत आला, मुलगा तुमच्या बाकावर बसून गेला, इथे जाहिरातीचं काम संपलं. सध्या एका प्रवेशामागे साधारण पावणेबारा हजार जाताहेत. त्याच दराने ५० हजारांत चार प्रवेश वाढतील. ९० हजारांच्या फीपुढे हे परवडल्यासारखं दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. दहा मुलांच्या बॅचमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या तीन सरांचा पगार आणि जागेचं भाडं दोन वर्षं निघत नाही.

आता रजिस्टर घ्या आणि त्या ४८ जणांचे दोन भाग करा: जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीने आलेले आणि जाहिरात बघून आलेले. ओळखीने आलेल्याला तुमचं शिकवणं आधीच माहीत असतं. त्यांच्यातले बरेच थांबले आणि जाहिरातवाले निघून गेले, तर बॅच ठीक आहे, जाहिरात चुकीच्या लोकांपर्यंत जातेय. कोराडीचा मुलगा रोज मानेवाड्याला येणार नाही, त्याला ती जाहिरात दिसण्यात अर्थ नाही. पण ओळखीचेही डेमो पाहून गेले असतील, तर जे विकतोय ते त्यांना नको आहे. आकडे एवढे लहान आहेत की चौदांपैकी तीन आले की चार, यावरून काही ठरत नाही. दोन भागांत ठळक अंतर दिसलं तरच त्यावर विसंबा.

मग न आलेल्या ४२ घरी स्वतः फोन करा. ‘का नाही आलात?’ विचारू नका, सगळे ‘फी जास्त वाटली’ म्हणतात, कारण सरांना तोंडावर दुसरं काही सांगवत नाही. ‘मुलगा आता कुठे जातोय?’ एवढंच विचारा. मोठ्या ब्रँडच्या जेईई बॅचला गेला असेल तर तुम्ही निकालात आणि नावात कमी पडलात, त्यावर ना जाहिरात ना नवी बॅच लगेच उपाय. पण सीईटी-बोर्डच्या क्लासला किंवा नुसत्या मॅथ्सच्या ट्यूशनला गेला असेल, तर त्याला जेईई नकोच होती.

नंदनवनमधल्या माझ्या ओळखीच्या एका क्लासमध्ये हेच निघालं. एक आई म्हणाली, “सर, आयआयटी कोणाला पाहिजे? चांगलं इंजिनीअरिंग कॉलेज मिळालं तरी पुष्कळ, पण पोराचं मॅथ्स कच्चं आहे.” बाई बरोबर बोलत होत्या. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे असतात, सुमारे ८० टक्के भर बारावीवर असतो आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं. जेईईची दोन वर्षांची मेहनत त्या मुलासाठी नव्हतीच.

त्या क्लासने सीईटी आणि बोर्ड एकत्र अशी बॅच ठरवली, मॅथ्सला जास्त तास, फी वर्षावर. त्याच पालकांना पुन्हा फोन केला आणि ‘आवडेल का?’ न विचारता २,००० रुपये टोकन मागितलं, बॅच सुरू झाली नाही तर परत, असं स्पष्ट सांगून. फोन करण्याआधीच रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं: आठवड्यात १२ टोकन आले तर बॅच चालू, ५ किंवा कमी आले तर विचार सोडायचा, मधे राहिलं तर आणखी एक आठवडा. हे आधी लिहिलं नाही तर सात टोकनांतही माणूस स्वतःला पटवतो. त्यांच्याकडे १४ आले. जाहिरात त्यानंतर केली, तीही फक्त आसपासच्या वस्त्यांत.

तुमच्या ६ मुलांनी मात्र जेईईसाठी पैसे भरलेत. बॅच बदलायची ठरली तर त्यांच्या पालकांना सगळ्यांत आधी बोलवा आणि दोन्ही पर्याय द्या: नव्या बॅचमध्ये यायचं असेल तर फीतला फरक परत, नको असेल तर पूर्ण फी परत. ही रक्कम बाजूला काढून ठेवल्याशिवाय नव्या बॅचचं पॅम्फ्लेट छापू नका.