रात्रीच्या फोटोत चांदण्या कशा टाकाव्या?

"वावरातल्या बाभळीचा रात्री फोटो काढला, आभाळ नुसतं काळं आलं. चांदण्या टाकल्या तर खोट्या दिसतात. काय करू?"

ब्रशने ठिपके देऊ नका; सगळे सारखे पांढरे आले की लगेच कळतं. त्याच जागेवरून, त्याच दिशेला, अमावस्येच्या आसपास मोबाईल ट्रायपॉडवर ठेवून १५ सेकंदांचा आभाळाचा फोटो घ्या. तो वरच्या लेयरवर ठेवून मोड Screen करा आणि Levels मध्ये काळं टोक सरकवून त्याचं आभाळ पूर्ण काळं करा.

आता मास्क. बाभळीच्या फांदीवर एकही चांदणी राहायला नको. १०० टक्के झूम करून बघा. क्षितिजाकडे ग्रेडियंटने चांदण्या विरळ करा, कारण तिथे जाड हवा आणि गावातले दिवे मंद तारे गिळतात. फोटोत चंद्र असेल तर मोजक्या ठळक चांदण्याच ठेवा.