अपील दाखल झाले म्हणून वसुली थांबत नाही

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, खासगी कंपनीतून निवृत्त झालो आहे. चार महिन्यांनी आम्ही दोघे मुलीकडे कॅनडात कायमचे राहायला जात आहोत. एक एजंट म्हणतो की आयकर विभागाचे टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरून परत पाठवतात, आणि ते काढून देण्याचे ३५ हजार रुपये मागतो. द्यावेत का? विभागाशी तसा वाद नाही. २०१९-२० मध्ये विकलेल्या घराच्या नफ्यावरची सवलत, नवे घर पत्नीच्या नावे घेतले म्हणून नाकारली आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये साडेआठ लाखांची मागणी आली. पण अपील केले असल्याने ती थांबलेली आहे. मर्यादा दहा लाखांची आहे, असेही वाचले. दोन वर्षांचे रिफंड मात्र आलेले नाहीत. जाण्यापूर्वी राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने देणार आहोत आणि ठेवी मोडून पैसे मुलीकडे पाठवणार आहोत.

उत्तर : एजंटला एक रुपयाही देऊ नका. भारतात अधिवास असलेल्या प्रत्येक प्रवाशाला हे प्रमाणपत्र लागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम २३०(१ए) नुसार, प्राप्तिकर अधिकाऱ्याला एखाद्या व्यक्तीबाबत ते आवश्यक वाटले तर त्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मुख्य आयुक्तांची पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्यानंतरच त्या व्यक्तीकडून प्रमाणपत्र मागता येते. ५ फेब्रुवारी २००४ च्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेने अशी प्रकरणे दोनच प्रकारांपुरती मर्यादित केली आहेत. पहिला प्रकार गंभीर आर्थिक गैरव्यवहाराचा, ज्यात तपासासाठी त्या व्यक्तीची उपस्थिती आवश्यक आहे आणि करमागणी निघण्याचा संभव आहे. दुसरा, दहा लाखांपेक्षा अधिक प्रत्यक्ष कर थकलेला आहे आणि त्या थकबाकीला कोणत्याही अधिकाऱ्याने स्थगिती दिलेली नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात या कलमात काळ्या पैशाच्या कायद्याखालील देण्यांची भर पडली, तेव्हा अफवा उठल्या आणि मंडळाला त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा खुलासा करावा लागला. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत; या उत्तरातले क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. तेव्हा जुन्या क्रमांकांच्या आधारे कोणी घाबरवले तर घाबरू नका. विभागाने लेखी मागणी केलेली नसताना हे प्रमाणपत्र 'काढून देतो' म्हणणारा माणूस आपल्याला नको असलेली वस्तू विकत आहे.

मात्र आपल्या पत्रातली खरी अडचण प्रमाणपत्राची नाही. 'अपील केले असल्याने ती थांबलेली आहे' हे वाक्य चुकीचे आहे आणि त्या एका समजुतीवर आपण पुढच्या सगळ्या योजना उभ्या केल्या आहेत. अपील दाखल केल्याने करमागणीला आपोआप स्थगिती मिळत नाही. ती वेगळा अर्ज करून कर निर्धारण अधिकाऱ्याकडून कलम २२०(६) खाली लेखी मिळवावी लागते. आपल्याकडे तसा आदेश नसावा, याची खूण आपणच दिली आहे : दोन वर्षांचे रिफंड आलेले नाहीत. बहुधा विभागाने ते कलम २४५ खाली याच मागणीत वळते केले असावेत. पोर्टलवर Pending Actions मध्ये Response to Outstanding Demand उघडा. तेथे मागणी, तिच्यावरचे व्याज आणि आपण दिलेले उत्तर दिसेल. रिफंड वळते करण्याविषयीची सूचना आपल्या ईमेलवरही आलेली असावी.

दहा लाखांच्या मर्यादेचा दिलासाही टिकणारा नाही. मागणीच्या नोटिशीनंतर तीस दिवसांच्या आत रक्कम न भरल्यास कलम २२०(२) खाली दरमहा एक टक्का साधे व्याज लागते. साधारण साडेतीन वर्षे धरली तर साडेआठ लाखांवर ते साडेतीन लाखांच्या पुढे जाते आणि बेरीज बारा लाखांच्या आसपास येते. म्हणजे आपण मर्यादेच्या आत नसून तिच्या पलीकडे आहात, असे धरूनच तयारी करा. असे असूनही विभाग प्रमाणपत्र मागेलच असे नाही. पण मागितले तर ते थांबवून धरणारी गोष्ट हीच असेल, आणि विमानाची तिकिटे काढल्यानंतर तिच्याशी झुंजण्याची वेळ येऊ देऊ नका.

आता आपल्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली, वादग्रस्त मागणीच्या वीस टक्के म्हणजे १ लाख ७० हजार रुपये भरून स्थगितीचा अर्ज करावा. ३१ जुलै २०१७ च्या मंडळाच्या परिपत्रकानुसार एवढी रक्कम भरल्यावर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत सर्वसाधारणपणे स्थगिती दिली जाते. अर्ज नाकारला गेल्यास प्रधान आयुक्तांकडे दाद मागता येते. आधी वळते झालेले रिफंड याच वीस टक्क्यांत धरावेत, अशी मागणी अर्जात जरूर करा. पण स्थगितीने व्याज थांबत नाही : उरलेल्या ६ लाख ८० हजारांवर वर्षाला ८० हजारांहून अधिक व्याज चढत राहील.

दुसरी वाट म्हणजे मूळ मागणी पूर्ण भरून अपील चालू ठेवणे. भरणा केल्याने अपील संपत नाही आणि चूक कबूल केली असेही होत नाही. आपण जिंकलात तर ही रक्कम कलम २४४ए खाली दरमहा अर्ध्या टक्क्याच्या, म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांच्या व्याजासह परत मिळते. ती मुदत ठेवीत राहिली असती तर सात टक्के मिळाले असते असे धरले, तरी तोटा एका टक्क्याचा. हरलात आणि पैसे भरलेले नसले तर मात्र बारा टक्क्यांनी चुकवावे लागतात. पत्नीच्या नावे घेतलेल्या घराच्या सवलतीबाबत न्यायालयांचे निकाल परस्परविरोधी आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही करपात्र व्यक्तीच्या नावाऐवजी दुसऱ्याच्या नावे घर घेतल्याच्या प्रकरणात करदात्याच्या विरुद्ध निर्णय दिलेला आहे. म्हणून 'निकाल आपल्याच बाजूने लागेल' या आशेवर ठेवींचा हिशेब मांडू नका. आपल्याकडे रक्कम उपलब्ध आहे, म्हणून माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. मूळ रक्कम भरल्यावर उरते ते साडेतीन लाखांच्या आसपासचे व्याज, आणि ते दहा लाखांच्या पुष्कळ खाली आहे. रक्कम नसलेल्या वाचकांनी पहिली वाट धरावी.

बक्षीसपत्र तूर्त थांबवा. कराची कार्यवाही प्रलंबित असताना मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण कलम २८१ खाली विभागाच्या दाव्यापुरते निरर्थक ठरू शकते. ते निर्धारण अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने करता येते. थकबाकी उभी असताना फ्लॅट मुलाला आणि ठेवी परदेशी, हे दृश्य कोणत्याही अधिकाऱ्याला संशयास्पदच वाटेल, आणि कारणे लेखी नोंदवण्यासाठी त्याला आणखी काही शोधावे लागणार नाही. मागणी भरून झाल्यावर हेच व्यवहार सरळ होतात.

शेवटी, अपिलाच्या सुनावणीच्या सूचना पोर्टलवर आणि ईमेलवरच येतात. परदेशात गेल्यावर भारतीय मोबाइल क्रमांक बंद पडला आणि ओटीपी मिळेनासा झाला, तर उत्तराविना अपील एकतर्फी निकाली निघते. क्रमांक चालू ठेवा आणि आपल्या सीएला पोर्टलवर अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमा. पत्नीच्या पॅनवर काही मागणी आहे का, तेही याच आठवड्यात पाहा.