प्लास्टर कधी घातलं, ते आधी सांग

मावशी,
मी सातारा जिल्ह्यात एका मेडिकलमध्ये ४ वर्षं काउंटरला आहे, असिस्टंट म्हणून. आमच्याकडे एक काकू कायम येतात, वय ६८, मिस्टर गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांना फिजिशियनची अल्प्राझोलाम ०.५ चालू आहे, रात्री एक, ६ वर्षं झाली, महिन्याला ३० गोळ्या नेतात. आता दीड महिन्यापासून हाडाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नायट्राझेपाम ५ पण नेतायत, रात्री एक, १५-१५ करून. हे मला परवा कळलं. काकूंच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे म्हणून गोळ्या मीच त्यांच्या पिशवीत भरत होते, तर आत आदल्या आठवड्याची स्ट्रिप दिसली. सरांना सांगितलं तर म्हणाले दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांच्याच आहेत, आपण कोण. मला भीती वाटते की काकूंना गोळ्यांची सवय लागलीय आणि त्या मुद्दाम दोन डॉक्टर करतायत. त्या मला मुलीसारखं वागवतात. त्यांच्या पुण्याच्या मुलाला फोन करू का, की काकूंनाच सांगू की एक गोळी बंद करा? की गप्प बसू?
– काउंटरवाली

अगं काउंटरवाली,

तुझ्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस. प्लास्टर. तुझ्यासाठी ते फक्त पिशवी भरायचं कारण झालं, पण मी तिथेच थांबले आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं.

मला सांग, माणूस हाडाच्या डॉक्टरकडे कधी जातो? पडल्यावर. म्हणजे आधी काकू पडल्या, मग प्लास्टर आलं, मग हात ठणकतो म्हणून झोप येईना आणि त्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. आणि पडल्या तेव्हा त्यांच्या अंगात काय होतं? ६ वर्षं रोज रात्री चाललेली अल्प्राझोलाम. हातावर पडल्या म्हणजे तोल गेला तेव्हा हात पुढे टेकला, मनगट मोडलं असणार, आणि या वयाच्या बायका पुष्कळदा पडतात त्या रात्री-पहाटे बाथरूमला जाताना, अर्धवट झोपेत. गोळीमुळेच पडल्या असं मी छातीठोक सांगणार नाही, पण या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो हे जगभरचे डॉक्टर मानतात आणि ६५ च्या पुढे शक्यतो देऊच नका म्हणतात. बासष्टाव्या वर्षी जी गोळी झेपली ती अडुसष्टाव्या वर्षी तशीच झेपेल असं नसतं, वय झालं की शरीर ती हळू बाहेर टाकतं. म्हणजे जिच्यामुळे कदाचित पडल्या तिच्यावर आता तिचीच बहीण आणून ठेवलीय.

बहीण म्हणते कारण दोन्ही एकाच घरातल्या. स्ट्रिप उलटी कर, ब्रँडसोबत औषधाचं खरं नाव असतं, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, शेवट जवळजवळ सारखाच. मेंदूत जाऊन कामही एकच करतात. फरक आहे तो किती वेळ टिकतात यात. अल्प्राझोलाम निम्मी उतरायला साधारण ११ तास घेते, नायट्राझेपामला एक दिवसाहून जास्त लागतो आणि म्हाताऱ्या माणसात अजून जास्त. आता रोज रात्री एक घेतली तर काय होतं बघ, कालची पूर्ण उतरलेली नसतानाच आजची वर पडते, असे चार-पाच दिवस गेले की त्या बाईला दिवसाढवळ्या सुद्धा गोळी चढलेलीच असते. सकाळी ११ ला दुकानात आल्या तर डोळे जड, बोलताना शब्द जरा ओढल्यासारखे, पायरी चढताना काउंटर धरतात, पैसे दिले की नाही ते दोनदा विचारतात. हे तू बघितलं असशील आणि वय झालं म्हणून सोडून दिलं असशील, सगळे तसंच सोडतात. पुढच्या वेळी पडल्या तर मनगटावर भागेल याची खात्री नाही, खुब्याचं हाड गेलं तर एकटी राहणारी बाई अंथरुणाला खिळते.

आणि तू काळजी कसली करतेस, तर काकूंना व्यसन लागलं का. मला याचा राग आला, खरं सांगते. मुद्दाम दोन डॉक्टर करणारा माणूस दोन्ही चिठ्ठ्या एकाच मेडिकलमध्ये, त्याच मुलीकडे, दीड महिना घेऊन येत नाही गं, तो वेगवेगळी दुकानं धरतो, गोळ्या लवकर संपल्या, हरवल्या, पाण्यात पडल्या असं सांगत येतो. काकूंच्या ३० गोळ्या ३० दिवस जातात. त्यांना वाटतं एक गोळी मनाची आणि एक हाताच्या दुखण्याने झोप येत नाही तिची, नावं वेगळी, डॉक्टर वेगळे, रंग वेगळा. हाडाच्या डॉक्टरांनी विचारलंही असेल की अजून काही औषध चालू आहे का, आणि काकूंनी बीपीची सांगितली असेल. ६ वर्षं रोज घेतलेली झोपेची गोळी कोणी औषधात धरत नाही.

आता तुझ्याकडे येते. तू असिस्टंट आहेस, चिठ्ठी बदलायचा तुला अधिकार नाही, हे मान्य. पण ‘मला परवा कळलं’ हे मला मान्य नाही. या दोन्ही गोळ्या शेड्यूल एच१ मधल्या आहेत, १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. तुमच्याकडे ते कोण भरतं? मला वाटतं तूच. म्हणजे दीड महिन्यात काकूंचं नाव तू निदान चार-पाच वेळा स्वतःच्या अक्षरात लिहिलंस, कधी या पानावर कधी त्या. रजिस्टर तारखेप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही, म्हणून दोन ओळी एकमेकींसमोर कधी येत नाहीत आणि संध्याकाळी घाईत मागच्या बिलांवरून उतरवून काढलं की दिसायचा प्रश्नच नाही. इन्स्पेक्टर येऊन बघेल तो स्टॉक जुळतो का ते बघेल, काकू कशा चालतात ते बघणार नाही. ते बघणारी दुकानात तू एकटीच आहेस.

तुझे सर म्हणतात आपण कोण. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये याचं उत्तर आहे, चिठ्ठी आली की फार्मासिस्टने काय काय तपासायचं ते तिथे लिहिलंय आणि एकाच कामाची दोन औषधं पडलीत का हे त्यात स्पष्ट आहे, तसं दिसलं तर ते सोडवायचं आणि गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलायचं. सरांचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलंय ते याच्यासाठी.

मुलाला फोन करू नकोस. तो पुण्यात बसून काय करणार, घाबरून आईला ओरडणार, सगळ्या गोळ्या फेकून दे म्हणणार. आणि तेच तर होऊ द्यायचं नाहीये. तू पण काकूंना ‘एक बंद करा’ म्हणायचं नाही, अजिबात नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे काढलीत आणि सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांना मी असंच प्रेमाने म्हटलं होतं, आजोबा एवढी वर्षं झोपेची गोळी घेताय, सोडा आता. त्यांनी माझं ऐकलं. पहिल्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला घाम, तिसऱ्या दिवशी घरात फिट आली आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. वाचले ते. त्यांची सून दुकानात येऊन शांतपणे विचारून गेली की बंद करायला कोणी सांगितलं होतं, आणि मी होते तिथेच उभी. वर्षानुवर्षांची ही गोळी एकदम सुटत नाही, डॉक्टर ती कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने थोडी थोडी उतरवत नेतात. काकूंची ६ वर्षांची आहे. कुठली ठेवायची, कुठली कशी कमी करायची हे फक्त डॉक्टर ठरवणार, तू नाही, सर नाही, मुलगा नाही, मीही नाही.

म्हणून एकच काम, आणि ते उद्या सकाळीच. रजिस्टर उघड, काकूंच्या सगळ्या ओळी शोधून एका कागदावर तारखेने उतरव, त्यात प्लास्टर पहिल्यांदा कधी दिसलं तेही लिही, आणि तो कागद सरांसमोर ठेवून म्हण, सर, फोन मी लावते, बोला तुम्ही. समोर कागद असला की ‘आपण कोण’ म्हणायला जड जातं. फोन हाडाच्या डॉक्टरांना आधी, कारण नवी गोळी त्यांची आहे आणि त्यांना जुनीबद्दल बहुतेक माहीतच नाही. सरांना एवढंच बोलायला सांग, ‘डॉक्टर, तुमच्या या पेशंटला तुम्ही नायट्राझेपाम ५ लिहिलीय, त्या ६ वर्षं अमुक डॉक्टरांची अल्प्राझोलाम ०.५ रोज रात्री घेतात, पडल्या त्याच्या आधीपासून. दोन्ही आमच्याकडून जातात. काय करू?’ एवढंच. डॉक्टरांनी चुकीचं लिहिलं असा सूर नको, आणि काकूंना सवय लागलीय हे तर तोंडातून काढायचंच नाही. ते सांगतील ते लिहून घे, मग तेच फिजिशियनना कळव. सर फोनला तयारच झाले नाहीत तर तू स्वतः बोल, दुकानाचं नाव सांगून. पेशंटच्या डॉक्टरला त्याच्याच पेशंटचं औषध सांगितलं तर ती चुगली नाही.

काकूंना त्याआधी सांग, लपवू नकोस. ‘काकू, तुमच्या दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या निघाल्या, मी डॉक्टरांना विचारून घेते, तोवर स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, फक्त रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बसा.’ आणि दिवसा फारच गुंगीत दिसल्या, हाक मारून नीट जाग्या होईनात, तर फोनबिन सोड, रिक्षा कर आणि दवाखान्यात घेऊन जा.

नायट्राझेपामच्या १५ गोळ्या तू परवा दिल्यास, म्हणजे पुढच्या चिठ्ठीला अजून दोन आठवडे आहेत असा हिशोब करत बसू नकोस, आज रात्री त्या दोन्ही गोळ्या घेणारच आहेत. डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवरच छापलेला असेल. ओपीडी ११ ला सुरू होत असेल तर १० वाजून ५० मिनिटांनी लाव, एकदा पेशंट आत गेले की दुपारपर्यंत कोणी उचलत नाही.

– मावशी